गुरुवार कुणाला द्यायचा?

*दिवाळी अंकासाठी कथा लिहिते आहे. तालुक्याच्या गावातला कापड दुकानदार, त्याची नुकतीच बी.कॉम. झालेली मुलगी मनीषा. दुकानातल्या सहा माणसांच्या पाळ्या आणि सुट्ट्यांचा तक्ता ती पहिल्यांदाच करते, कागदाच्या चिठ्ठ्या करून. चिठ्ठ्या डब्यात टाकून ती एकेक काढते आणि पुढे सरकारी निरीक्षक येऊन तिची चूक पकडतो, असं लिहिलंय. माझ्या एका मैत्रिणीच्या माहेरी दुकान आहे. ती वाचून हसली आणि म्हणाली, "असं कुठे होतं का?" मग होतं कसं? चिठ्ठ्यांनी तक्ता नेमका कसा लावतात, आणि पहिल्यांदा करणारीची चूक कुठे होईल?*

मैत्रिणीचं हसू रास्त आहे. डब्यातून चिठ्ठी काढून पाळी ठरवली, तर पहिल्याच दिवशी सकाळी दुकान उघडायला कॉलेजात गेलेला पोरगा आणि रात्री शटर ओढायला साडेसातची एसटी गाठणारी बाई, असा घोळ होईल. तक्त्याच्या चिठ्ठ्या काढायच्या नसतात, मांडायच्या असतात. वहीत पेनाने लिहिलं की बदलताना खाडाखोड होते आणि चौथ्या बदलानंतर आपलंच आपल्याला वाचता येत नाही. चिठ्ठी उचलून दुसरीकडे ठेवता येते, म्हणून चिठ्ठ्या. नशिबाची चिठ्ठी या कामात एकदाच लागते, पण ते पुढे.

आधी हे बघा, की मनीषाला हा तक्ता करावा का लागतो. "वडील आजारी पडले" हे कारण आम्ही टाळलं असतं, कारण याहून चांगलं आणि खरं कारण हाताशी आहे. 1948 च्या जुन्या कायद्यानुसार दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावं लागे. तुमच्या गावात तो वार गुरुवार धरू. दुकान बंद म्हणजे सगळ्यांना एकदम सुट्टी, त्यामुळे तक्त्याचा प्रश्नच नव्हता. तिच्या वडिलांनी उभ्या आयुष्यात असा कागद केलेला नाही तो त्यामुळेच. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा 2017 चा. तो 19 डिसेंबर 2017 पासून लागू झाला. दुकान सातही दिवस उघडं ठेवायला त्याने मोकळीक दिली, अट एवढीच की प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी मिळाली पाहिजे. तुमची कथा 2018 च्या जानेवारीत, लगीनसराईच्या तोंडावर ठेवा. समोरच्या दुकानाने गुरुवारीही शटर वर केलं आणि वडील म्हणाले, "आपणही उघडू. सुट्ट्यांचं तेवढं तू बघ." बस, कथा सुरू.

निरीक्षकाला मात्र रजा द्या. कामाच्या तासांची कलमं त्या कायद्यात दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणांना होती. सहा माणसांच्या दुकानाला फक्त दुकान चालू असल्याची सूचना द्यावी लागे. तरीही दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, हे आकडे मनीषाने माप म्हणून घेतले तर शोभेल. ती शिकलेली आहे आणि वडिलांना काहीतरी दाखवून द्यायचं तिच्या मनात असणारच. चूक पकडणारा माणूस मात्र त्या सहांपैकीच हवा. तो कोण, ते गणितातूनच निघतं.

आता ती सहा माणसं. तुमच्या पत्रात फक्त संख्या आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे. सहा सारखी माणसं असती तर तक्ता पाच मिनिटांत झाला असता. प्रत्येकाला एक कौशल्य आणि एक अडचण द्या. आम्ही नमुन्यादाखल नावं घेतो, तुम्ही बदला. भाऊकाका सगळ्यांत जुने. शालू-पैठणीचं कपाट त्यांचं आणि दुकानाची एक चावी त्यांच्याकडे. इस्माईलचाचा सूटिंग-शर्टिंगला, शुक्रवारी दुपारी एक ते दोन त्यांना नमाजाला जायचं असतं. सुनंदाताई संगणकावर बिलं करतात आणि शेवटच्या एसटीमुळे फक्त सकाळच्या पाळीला येऊ शकतात. रेश्मा साड्या दाखवते, बिलही करू शकते, गावातच राहते. विकी सकाळी कॉलेजला, त्यामुळे दुपारनंतरच. माल वर-खाली करणं आणि पार्सलं त्याच्याकडे. तानाजी झाडलोट, गाठोडी उतरवणं, पडेल ते काम करतो आणि कुठल्याही पाळीला येतो. या शेवटच्या वाक्यावर लक्ष ठेवा. ज्याची काहीच अडचण नसते, त्याच्याच माथी सगळ्यांच्या अडचणी येतात.

दुकान सकाळी साडेनऊ ते रात्री नऊ. एकच माणूस साडेअकरा तास उभा राहू शकत नाही, म्हणून दोन पाळ्या: सकाळची साडेनऊ ते साडेसहा, दुपारची बारा ते नऊ. दोन्हींत एक तास जेवणाचा. म्हणजे रोज आठ तास काम, सहा दिवसांचे अठ्ठेचाळीस. बारा ते साडेसहा दोन्ही पाळ्यांची माणसं दुकानात असतात आणि कापड दुकानाची गर्दीही साधारण तेव्हाच असते. या मधल्या वेळाचा तिला पुढे मोठा उपयोग होणार आहे.

मग मोजणी. सहा माणसं गुणिले सहा दिवस म्हणजे छत्तीस चिठ्ठ्या. एक चिठ्ठी म्हणजे एका माणसाचा एक दिवस. छत्तीसला सातने भागलं की पाच आणि वर एक उरतो. रविवारी तुमच्या गावचा आठवडी बाजार ठेवलात तर हा उरलेला एक तिथे बसतो: रविवारी सहाही जण हजर, बाकीचे सहा दिवस रोज पाच हजर आणि एक सुट्टीवर. सोमवार ते शनिवार सहा सुट्ट्या, माणसंही सहा. हिशेब चोख बसतो आणि मनीषा इथे खूश होऊन जाते. तिला खूश होऊ द्या. रोजच्या पाचांपैकी दोन सकाळी, तीन दुपारी. रविवारी तीन आणि तीन. सगळ्या मिळून सकाळच्या पंधरा, दुपारच्या एकवीस, बेरीज छत्तीस. चिठ्ठ्या कापण्याआधी ही बेरीज करायची असते. जागा चाळीस आणि चिठ्ठ्या छत्तीस असतील, तर रात्रभर कितीही सरकवल्या तरी चार जागा रिकाम्याच राहणार, आणि नवख्या माणसाला वाटतं की आपल्याला जमत नाही.

चिठ्ठ्या कशाच्या, हेही कथेत दिसू द्या. कापड दुकानात शर्टाच्या खोक्यांचे पुठ्ठे आणि साड्यांच्या घडीत घातलेले जाड कागद रोज निघतात. दोन बोटं रुंद, एक बोट उंच एवढा तुकडा पुरे. नाव एका बाजूला, आणि कोपऱ्यात खूण: बिल करता येणाऱ्याला लाल ठिपका, चावीवाल्याचा कोपरा कातरलेला. खुणा नसतील तर दर वेळी छत्तीस नावं वाचत बसावी लागतात. खूण असेल तर "या रांगेत लाल ठिपका नाही" हे नजर टाकल्याबरोबर कळतं. मांडायला जागा म्हणजे दुकानातली गादीच, पांढरी चादर घातलेली. रात्री नऊनंतर, साड्यांच्या घड्या घालून झाल्यावर ती गादी रिकामी असते. पंखा चालू असला तर चिठ्ठ्या उडतात, म्हणून ती टाचण्यांनी त्या गादीत टोचेल. कापड दुकानात टाचण्यांना तोटा नाही. पण गादीत राहिलेली एक टाचणी म्हणजे दुसऱ्या दिवशी उलगडलेल्या रेशमी साडीला ओरखडा आणि ओढलेला धागा. भाऊकाका आधी ते सांगतील, तक्त्याबद्दल नंतर. छत्तीस टोचल्या तर छत्तीस मोजून काढायच्या. एवढा एक तपशील आला तरी मैत्रिणीला पटेल की लेखिकेने दुकान पाहिलंय.

आता मांडणी. पहिल्यांदा करणारा हमखास सोमवारपासून सुरू करतो. सोमवारचे पाच भरले, मंगळवारचे पाच, असं करत शुक्रवारपर्यंत सुरेख जातं. शनिवारी हातात उरलेल्या चिठ्ठ्या बघितल्या तर दोन तानाजीच्या, दोन विकीच्या, आणि सकाळी बिलाला कुणीच नाही. एकच माणूस एका दिवसात दोनदा बसत नाही आणि विकी सकाळी येत नाही. मग ती शुक्रवारची एक चिठ्ठी काढते, त्यामुळे गुरुवार बिघडतो, गुरुवारसाठी बुधवार. तासाभराने ती पुन्हा सोमवारवर येते. हा प्रसंग तुमच्या डब्याच्या प्रसंगाच्या जागी ठेवा. यात नाट्य जास्त आहे आणि ते खरं आहे.

बरोबर क्रम वाराचा नसतो, अडचणीचा असतो. ज्याला सगळ्यांत कमी जागा चालतात त्याच्या चिठ्ठ्या आधी. म्हणजे पहिल्यांदा सुनंदाताईंच्या सहा, सगळ्या सकाळच्या रांगेत. मग विकीच्या सहा, सगळ्या दुपारच्या. मग रेश्मा. तिला दोन्ही पाळ्या चालतात, पण सुनंदाताई सकाळी असल्यामुळे बिलासाठी तिची जागा दुपारी. या अठरा चिठ्ठ्या लागल्या की तक्ता निम्मा झाला आणि त्यातली एकही आता हलवायची नाही. उरलेल्या अठरा भाऊकाका, इस्माईलचाचा आणि तानाजीच्या. त्या कुठेही सरकतात, म्हणून शेवटी.

पूर्ण झालेला तक्ता असा दिसेल. सुट्ट्या: सोमवार तानाजी, मंगळवार विकी, बुधवार रेश्मा, गुरुवार भाऊकाका, शुक्रवार इस्माईलचाचा, शनिवार सुनंदाताई. सकाळी सुनंदाताई आणि त्यांच्या जोडीला सोमवारी भाऊकाका, मंगळवारी इस्माईलचाचा, बुधवारी तानाजी, गुरुवारी इस्माईलचाचा, शुक्रवारी भाऊकाका. शनिवारी सुनंदाताई नाहीत, म्हणून भाऊकाका आणि तानाजी. रविवारी सुनंदाताई, भाऊकाका, तानाजी. त्या त्या दिवशी जे उरले ते दुपारी. मोजून बघा, प्रत्येकाच्या सहा भरतात. कथेत हे सगळं लिहू नका, पण तुमच्या टेबलावर असू द्या. नाहीतर पान सहावर तानाजी सोमवारी सुट्टीवर असतो आणि पान नऊवर त्याच सोमवारी गाठोडं उचलताना दिसतो.

या तक्त्यात एक भोक आहे. लाल ठिपके दोनच माणसांचे. बुधवारी रेश्माची सुट्टी, आणि सुनंदाताई साडेसहाला निघतात, म्हणजे साडेसहा ते नऊ बिलाला माणूस नाही. शनिवारी सुनंदाताईंची सुट्टी, रेश्मा बाराला येते, म्हणजे साडेनऊ ते बारा कुणी नाही. आधी मनीषाला वाटेल दोन अख्ख्या पाळ्या उघड्या पडल्या. पण पाळ्या एकमेकींवर चढलेल्या असल्यामुळे प्रत्यक्षात भोक अडीच-अडीच तासांचं, आठवड्याला पाच तासांचं. तिथे कोण बसणार? वडील गल्ल्यावर असतात, पण संगणकावर हात चालत नाही. बसणार तीच. मालकाच्या घरची माणसं तक्त्यात कधी धरली जात नाहीत, आणि दुकान मात्र त्यांच्याच उरलेल्या वेळावर चाललेलं असतं. तिने स्वतःसाठी दोन चिठ्ठ्या कापाव्यात, वेगळ्या रंगाच्या. तिच्या आईची चिठ्ठी कुणी कधी कापली नव्हती, हे वाचकाला कळेल; तुम्ही सांगायची गरज नाही.

आता गुरुवार. कागदावर सगळं जुळलं तरी दुकानात जुळणार नाही, कारण सहाही जणांना गुरुवारच हवा आहे. वर्षानुवर्षं त्यांचं सगळं त्या वारावर बेतलेलं: दवाखाना गुरुवारी, बँक गुरुवारी, दळण गुरुवारी, बहिणीकडे जाणं गुरुवारी. भाऊकाकांना गुरुवार आणि तानाजीला सोमवार असं तिने लिहिलं, तर म्हाताऱ्याला झुकतं माप दिलं असं होतं. यावर कुणी तिच्याशी भांडणार नाही. भाऊकाका तिला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतात, ते म्हणतील, "तू म्हणशील तसं, बाळा." आणि दुपारी चहाच्या वेळी एकेक जण वडिलांच्या कानाशी लागेल. हा प्रसंग नक्की घ्या. दुकानातला विरोध असाच असतो, मालकाच्या मुलीच्या तोंडावर नसतो.

यावर ती सुट्ट्या फिरत्या करेल. दर आठवड्याला प्रत्येकाची सुट्टी एका वाराने सरकते, सहा आठवड्यांत प्रत्येकाला एकदा गुरुवार मिळतो. पहिल्या आठवड्यात कुणाला कुठला वार, यासाठी सहा चिठ्ठ्या डब्यात. तुमचा डबा इथे वापरा. एकदाच, सगळ्यांसमोर, आणि काढायला विकीला सांगा, कारण घरच्या माणसाने काढली तर शंका राहते. वर मांडलेलाच क्रम चिठ्ठीतून निघाला असं धरून पुढे जाऊ. कोण सुट्टीवर आहे त्यानुसार पाळ्यांच्या शेवटच्या अठरा चिठ्ठ्या दर आठवड्याला थोड्या हलवाव्या लागतील, पण पहिल्या अठरांची पाळी तीच राहते, फक्त सुट्टीचा दिवस बदलतो. इस्माईलचाचा शुक्रवारी कामावर असले की त्यांना सकाळची पाळी आणि जेवणाचा तास एक ते दोन.

सुट्टी सरकवायची कुठल्या दिशेने, या प्रश्नात तिची खरी चूक आहे. ती प्रश्न म्हणून तिला दिसणारच नाही. शुक्रवारवाल्या इस्माईलचाचांना पुढच्याच आठवड्यात गुरुवार मिळावा, म्हणून ती सगळ्यांची सुट्टी एक दिवस अलीकडे घेईल: शुक्रवारची गुरुवारी, मंगळवारची सोमवारी. सोमवारच्या अलीकडे रविवार, तो तर बाजाराचा. म्हणून सोमवारवाल्याला टोकाला, शनिवारी. दोन्ही आठवडे वेगवेगळे बघितले तर अगदी बरोबर आहेत. प्रत्येकाला आठवड्यातून एक सुट्टी आहे, प्रत्येकाचे सहा दिवस भरतात, बेरीज छत्तीस आहे. वडिलांनीही पाहून मान डोलावली.

आता तानाजीच्या जागी बसून मोजा. पहिल्या आठवड्यात त्याची सुट्टी सोमवारी. मंगळवारपासून रविवारपर्यंत सहा दिवस काम. दुसऱ्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार पाच दिवस काम, मग शनिवारी सुट्टी. सलग अकरा दिवस! त्यात एक बाजाराचा रविवार आणि लगीनसराईची गाठोडी. गादीवर एका वेळी एकच आठवडा मांडल्यामुळे तिला हे दिसलं नाही. चूक कुठल्याच आठवड्यात नाही, रविवार आणि सोमवार यांच्यामधल्या सांध्यात आहे. ज्याने तक्ता केला तो कागद आडवा वाचतो, आठवडा-आठवडा करून. ज्याला राबायचं आहे तो आपल्या सुट्टीपासून पुढच्या सुट्टीपर्यंत बोटांवर मोजतो. म्हणून ही चूक तानाजीनेच काढावी. त्याला चिडायला लावू नका, तो एवढंच विचारेल, "ताई, ह्या सोमवारनंतर माझी सुट्टी कधी?" ती सांगेल, "पुढच्या शनिवारी." तो अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत मोजेल आणि ती त्याच्या अंगठ्याकडे बघत राहील. निरीक्षकापेक्षा हे तिला जास्त लागेल.

दुरुस्ती सोपी आहे आणि तिनेच ती शोधावी. सुट्टी उलट दिशेने, एक दिवस पुढे सरकवायची: सोमवारची मंगळवारी, मंगळवारची बुधवारी. मग दोन सुट्ट्यांच्या मध्ये कुणालाही सातच दिवस काम पडतं. शनिवारवाला वळसा घालून सोमवारी येतो: शनिवारी सुट्टी, रविवारी बाजार, सोमवारी पुन्हा सुट्टी. त्या माणसाची चैन होते, पण सहा आठवड्यांत प्रत्येकाच्या वाट्याला ती एकदा येते, त्यामुळे तक्रार नाही. आणि हे तपासायला गादीवर दोन आठवडे शेजारी शेजारी मांडावे लागतात, बहात्तर चिठ्ठ्या. तिच्याकडे छत्तीसच आहेत, म्हणजे रात्री पुन्हा पुठ्ठा कापणं आलं. याची किंमतही आहे. इस्माईलचाचांना पुढच्या आठवड्यात मिळणारा गुरुवार आता शेवटच्या, सहाव्या आठवड्यावर गेला. त्यांना ते सांगायला तिने स्वतः जावं की भाऊकाकांना पाठवावं, हे तुमच्या मनीषावर अवलंबून आहे. आमचं मत विचाराल तर तिने जावं आणि नीट सांगता येऊ नये.

फिरती सुट्टी ही सरसकट चांगली असं समजू नका. सुट्टीचा वार दर आठवड्याला बदलला की माणसाला दवाखान्याची वेळ धरता येत नाही, भिशीचा दिवस ठरवता येत नाही. पुष्कळ दुकानांत दोन-तीन महिन्यांनी लोक स्वतःच म्हणतात की आपापले वार कायम करा, गुरुवारचं बघू. सुनंदाताईंना शनिवार कायमचा चालेल, कारण पोरांची शाळा लवकर सुटते. इस्माईलचाचांना शुक्रवारच बरा. म्हणजे तिने पहिल्या रात्री मांडलेला तक्ता बऱ्याच अंशी बरोबरच होता, फक्त तो कुणाला विचारून केला नव्हता. हे कथेत घ्यायचं असेल तर थोड्यात घ्या, पात्रांना बोलून दाखवायला लावू नका.

आकडे किती घालावेत हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. छत्तीस आणि अकरा, हे दोनच वाचकाच्या लक्षात राहिले पाहिजेत. छत्तीस आधी, ती खूश असताना. अकरा तानाजीच्या बोटांवर. अठ्ठेचाळीस तास, पाळ्यांच्या वेळा वगैरे तिच्या तोंडी एखाद्या वाक्यात जाऊ देत.

राहिलं शेवटचं काम: गादीवरचा तक्ता कागदावर उतरवणं. सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, कारण तोवर रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि डोळ्यांसमोर सगळी नावं सारखीच दिसू लागतात. एकाने चिठ्ठी वाचायची आणि दुसऱ्याने कागदावर खूण करायची, अशी रीत आहे. वाचायला आईला बसवा. मग आडवं मोजायचं, प्रत्येक नावापुढे सहा. उभं मोजायचं, प्रत्येक दिवसाखाली पाच, रविवारी सहा. दोन्ही जुळले तरच टाचण्या काढायच्या. कागद लावायचा गोदामाच्या दाराच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या माठाशेजारी, जिथे प्रत्येक जण दिवसातून चारदा जातो आणि गिऱ्हाइकाला दिसत नाही. वर नुसतं "सोमवार, मंगळवार" नको, तारखाही हव्यात. तारखा नसल्या तर दुसऱ्या आठवड्याचा कागद पहिल्याच्या शेजारी लागतो, विकी जुना वाचतो, आणि सुट्टीच्या दिवशी बाराच्या ठोक्याला दुकानात येऊन उभा राहतो.